न चाखलेलं सूप

"आयुष्यात एकदा तरी खायलाच हवं असं सूप! दाट, पांढरंशुभ्र, बुडबुडे काढत टेबलावर येणारं! एक घोट घेतला आणि सगळा शीण पळाला! मालकीणबाई तर साक्षात प्रेमाचा झरा! चॉन्ग्जूत आलात आणि इथे नाही जेवलात, तर काय केलंत?"

हे परीक्षण हा मी-रानने सोळा मिनिटांत लिहिलं होतं. त्यात तिचं स्वतःचं असं फक्त "चॉन्ग्जू" होतं, आणि तेही एजन्सीने पाच वेळा घालायला सांगितलं होतं म्हणून.

मी-रान चव्वेचाळीस वर्षांची. शिकवणीचे वर्ग बंद पडल्यावर तिने जेवणाखाणाचा ब्लॉग सुरू केला आणि तीन वर्षांत शहरातल्या बऱ्यापैकी वाचल्या जाणाऱ्या ब्लॉगवाल्यांत तिचं नाव झालं. कारभार सरळ होता. हॉटेलवाला एजन्सीला पैसे देई, एजन्सी दहा ब्लॉगवाल्यांना धाडी, ते फुकट जेवत आणि लिहीत. निदान पंधरा फोटो, एक व्हिडिओ, दुकानाचा नकाशा, दिलेले शब्द दिलेल्या वेळा, आणि सगळ्यात वर कायद्यापुरती एक ओळ, की जेवण दुकानाकडून मिळालं आहे. ती ओळ सगळेच करड्या, बारीक अक्षरात घालत. मी-रानच्या कॉम्प्युटरवर "कौतुक" नावाची एक फाइल होती. सूप, भाजलेलं मांस, कॉफी, केक, प्रत्येकाची वाक्यं तयार. नाव बदलायचं की झालं. तिचा नवरा म्हणायचा, "लग्नपत्रिका छापणारा तरी तारीख बदलतो." ती हसून सोडून द्यायची, कारण बोलणं खरं होतं आणि फुकटचं जेवण तोही खात होता.

बोक-नम मावशीच्या सूपघरावरचं परीक्षण टाकून पाच आठवडे झाले असतील. एका सकाळी त्याखाली नवी प्रतिक्रिया आली. "पंधरवड्यापूर्वी दोन वर्षांच्या पोरीला घेऊन चाळीस मिनिटं बसने गेलो. दाट नाही, पांढरं नाही, बुडबुडे तर नाहीतच. पितळी वाडग्यात कोमट पाणी. काकू, तुम्ही हे खरंच खाल्लं होतंत का?"

असल्या प्रतिक्रियांनाही फाइलमध्ये उत्तर होतं. "आपल्याला अपेक्षित अनुभव न मिळाल्याबद्दल वाईट वाटलं." मी-रानने ते चिकटवलं, पण पाठवायचं बटण काही दाबलं गेलं नाही. प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर नाही असं होतं.

पाच आठवड्यांपूर्वी, फोटो काढायला गेली त्या दिवशी, अकरा वाजता तिने दुसऱ्या एका कामाचं भजी-कोशिंबिरीचं ताट संपवलं होतं. बोक-नम मावशीकडे पोचली तेव्हा पोटात जागा नव्हती. वीस मिनिटं तिने वाडग्याचे फोटो काढले, वरून, बाजूने, चमचा उचलून धरून. मग मांसाचे दोन तुकडे तोंडात टाकले, सुपाला चमचा लावला नाही, आणि "खूप छान" म्हणून निघाली. घरी येऊन फोटोंचा उजेड इतका वाढवला की निवळ सूप दुधासारखं दिसायला लागलं. वाफ तर फोनमधल्या सोयीनेच आली. दाट, पांढरं, बुडबुडे, हे शब्द एजन्सीच्या यादीतले होते. ती यादी कुठल्या तरी हाडांच्या सुपाच्या दुकानासाठी केलेली असावी, आणि पाठवणाऱ्यानेही नावच तेवढं बदललेलं असावं. तिची लाज अशी की हे तिच्या लक्षात यायला पाच आठवडे आणि एक चिडलेला बाप लागला.

तिने एजन्सीच्या मुलाला फोन केला. "ते बोक-नमचं परीक्षण मला बदलायचंय. चुकीचं आहे."

"ताई, सहा महिने हात लावायचा नाही, माहितीये ना तुम्हाला?"

"अरे, पण लोक जाऊन फसतायत."

"लोक जातायत ना? मग चाललंय ते बरं चाललंय. आणि ताई, ती वाक्यं वाचतं कोण? फोटो बघतात आणि नकाशा दाबतात."

"एकाने वाचलंय," मी-रान म्हणाली.

"एकच ना!" तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यातल्या वॉफलच्या दुकानाचं विचारायला लागला.

मंगळवारी ती स्वतःच्या पैशांनी जेवायला गेली. कॅमेरा घरी ठेवला. मनात हिशोब सोपा होता, आज नीट जेवायचं, जे आहे ते लिहायचं, जुनं काढून टाकायचं. निवळ सूप असेल तर निवळ लिहू. आपली चूक आपण निस्तरली की रात्री झोप लागेल, एवढाच तिचा स्वार्थ.

दुकान जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, सहा टेबलांचं. बोक-नम मावशी सदुसष्ट वर्षांची, बुटकी, कंबरेला रबरी एप्रन. तिने मी-रानला ओळखलं नाही. "एकटीच? तिकडे बस, पंख्याखाली नको, मान धरते," असं म्हणून ती आत गेली.

सूप आलं. काळ्या दगडी भांड्यात, दाट, पांढरंशुभ्र, बुडबुडे काढत.

मी-रान बघतच राहिली. तिने खोटं लिहिलेलं सूप तिच्यासमोर रटरटत होतं. तिने चमचा घेतला, फुंकर घातली, जीभ भाजून घेतली. चव ओळखीची होती. हायवेवरच्या खाण्याच्या थांब्यांवर मिळते ती, पाकिटातून निघणारी, सुरुवातीला गोडसर आणि मागाहून जिभेवर पिठासारखी बसणारी. वाईट म्हणावी अशी नव्हती. कुठलीच नव्हती.

खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, तपकिरी टोपी मांडीवर काढून ठेवलेली. त्यांनी चमचा भांड्यात फिरवला, दोन घोट घेतले आणि चमचा आडवा ठेवला. मग निगुतीने भात आणि आंबवलेल्या तिखट मुळ्याची किमची खाल्ली. उठताना दगडी भांड्यावर त्यांनी किमचीची रिकामी बशी पालथी घातली. जाता जाता स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मालकीणबाई, फार सुरेख झालं होतं!"

"या मास्तर, सावकाश जा!" आतून आवाज आला.

मी-रानने इकडेतिकडे बघून ती बशी उचलून पाहिली. निम्म्याहून जास्त सूप तसंच होतं.

पैसे देताना तिने विचारलं, "मावशी, सूप आधीपासून असंच करता?"

"छे! तीस वर्षं निवळ करत होते. डुकराची मागची तंगडी, मंद आचेवर, उकळी म्हणून येऊ द्यायची नाही, बसून नुसता फेस काढायचा. पण आता लोकांना ते पाणी वाटतं. एकाच्या तर पोरीने भोकाड पसरलं, आणि बाप माझ्यावर खेकसला." ती हसली, पण ते हसू नुसतं ओठांवरचं होतं. "माझी लेक सांगते, आई, दहा जणांनी लिहिलंय इंटरनेटवर, दाट आणि पांढरं. दहा जण खोटं बोलतील का? शिकलेली माणसं. एका बाईने तर किती मन लावून लिहिलंय, मी छापून घेतलंय बघ."

भिंतीवर, दुकानाच्या परवान्याशेजारी, मी-रानचं परीक्षण प्लास्टिकच्या कव्हरात लावलं होतं. साक्षात प्रेमाचा झरा.

"मग मी म्हटलं, मीच जुनी राहिले असेन," बोक-नम मावशी म्हणाली. "तयार सुपाची पाकिटं आणली. फेस काढत बसायला नको, की पहाटे चारला उठायला नको. चांगलंच झालं म्हणायचं."

ती मीच, असं मी-रानला म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. उरलेले सुटे पैसे न घेताच ती बाहेर पडली आणि मावशीला गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारत यावं लागलं, तेव्हा तर तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी ती लिहायला बसली आणि अडकली. तीनशेच्या वर परीक्षणं लिहिलेल्या बाईला एक वाडगा सूप लिहिता येईना. "अप्रतिम" लिहिलं, खोडलं. "अविस्मरणीय" लिहिलं, खोडलं. मग तिने वर्गातल्या मुलांना सांगायची तसं स्वतःला सांगितलं, आधी काय झालं ते लिही, कसं वाटलं ते मग बघू. नवरा जेवायला हाका मारून दमला. शेवटी जे झालं ते असं:

"पाच आठवड्यांपूर्वी मी या दुकानावर लिहिलं, ते फुकटच्या जेवणाच्या बदल्यात होतं आणि ते सूप मी चाखलं नव्हतं. माझं पोट भरलेलं होतं. फोटोंचा रंग मी बदलला होता. दाट, पांढरं, बुडबुडे, हे शब्द मला दिलेले होते. इथलं सूप तेव्हा निवळ होतं. ते कसं लागायचं, मला माहीत नाही.

मंगळवारी साडेअकराला मी नऊ हजार वॉन देऊन जेवले. आता सूप खरंच पांढरं आहे, कारण आम्ही तसं लिहिलं. ते पाकिटातलं आहे आणि पाकिटातल्यासारखं लागतं. मुळ्याची किमची आंबट आहे, मला जास्तच वाटली, पण मुळा कुरकुरीत होता आणि मी दोनदा मागून घेतला. भात चांगला. गाडी लावायला जागा नाही. मालकीण प्रेमाचा झरा वगैरे नाहीत, त्यांनी मला पंख्याखाली बसू दिलं नाही, आणि ते बरंच केलं. खिडकीपाशी तपकिरी टोपीचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी सुपाचे दोन घोट घेतले, बाकीचं बशीखाली झाकून ठेवलं, आणि फार सुरेख झालं होतं असं सांगून गेले."

वाचून तिला हलकं वाटलं, आणि लगेच धास्तावल्यासारखंही झालं. हे टाकलं तर एजन्सी तिला काढणार, ते परवडलं असतं. पण दुकानाचं काय? आधी खोट्याने घात केला, आता खऱ्याने करायचा? आणि न टाकावं, तर उद्या येणाऱ्या प्रत्येकासमोर तेच पाकीट उकळणार होतं.

ती बुधवारी दुपारी तीनला गेली, दुकान दोन तास बंद असतं तेव्हा. बोक-नम मावशी लसूण सोलत होती. तिची लेक से-यॉन, औषधांच्या दुकानात काम करणारी, सुट्टी म्हणून आली होती.

"मावशी, भिंतीवरचं ते मी लिहिलंय," मी-रान उभ्या उभ्याच म्हणाली.

"अगं बाई! मग काल बोलली का नाहीस? बस, बस. किती छान लिहितेस गं."

"खोटं लिहिलंय. आता खरं लिहून आणलंय. आधी तुम्ही ऐका. तुम्ही नको म्हणालात तर जुनंही काढीन आणि हेही टाकणार नाही."

से-यॉनने मी-रानचा फोन घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. तिसऱ्या वाक्याला तिचा आवाज चढला. पाकिटापाशी ती थांबली.

"ताई, तुम्हाला काही वाटतं का? आधी आमच्याच पैशांनी जेवलात, आता आम्हालाच बुडवता? हे वाचून कुत्रं तरी येईल का इकडे?"

"से-यॉन, वाच पुढे," बोक-नम मावशी म्हणाली.

"आई, किमची आंबट आहे म्हणतेय ही!"

"आहेच आंबट. तुझ्या मामाचा मुळा आहे, मी काय करू? वाच."

से-यॉनने तपकिरी टोपीपर्यंत वाचलं. बोक-नम मावशीचा लसणावरचा हात थांबला.

"परत वाच ते."

से-यॉनने परत वाचलं.

"प्यॉन मास्तर," बोक-नम मावशी म्हणाली. "किती ठेवलं होतं?"

"निम्म्याहून जास्त, मावशी."

"बशी कुठली?"

"किमचीची. पालथी घातली होती."

"तरीच." तिने हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. "दहा दिवस बघतेय, मास्तर ताट आवरून ठेवतात. मला वाटलं, म्हातारपणी टापटीप आली. मी मेली त्या बशीसकट भांडं मोरीत पालथं करतेय." मग लेकीकडे वळली. "एकोणीस वर्षं येतोय तो माणूस. बायको असताना दोघं यायची. आणि ही बाई काल एकदा आली, तिला दिसलं. मला दिसलं नाही!"

"आई, ग्राहक वाढलेत ना पण?"

"एकदा येणारे वाढलेत." तिने लसणाचं टोपलं बाजूला सारलं. "पाकिटं परत घेतील का गं ते?"

"फोडलेला खोका कोण परत घेतंय?"

"मग तू ने घरी. तुला आवडतं ना दाट." आणि मी-रानला म्हणाली, "जुनं आजच काढ. नवं टाकायच्या आधी शुक्रवारी ये. साडेदहाला, उपाशी पोटी. काही खाऊन आलीस तर दारातूनच परत पाठवीन."

मी-रानने घरी जाऊन जुनं परीक्षण पुसलं. अर्ध्या तासात एजन्सीचा निरोप आला, आपलं नाव यादीतून कमी करण्यात येत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. तेही छापील होतं. तिला हसू आलं, आणि थोडं रडूही, कारण तीन वर्षं तिने त्या यादीसाठी जिवाचं रान केलं होतं.

शुक्रवारी ती पोचली तेव्हा दुकानात वाफेचा मंद, स्वच्छ वास होता. बोक-नम मावशीचे डोळे जागरणाने सुजले होते. तिने पितळी वाडग्यात भात घेतला, त्यावर डावाने सूप ओतलं, डावानेच दाबून ते पुन्हा पातेल्यात काढलं, पुन्हा ओतलं. असं पाच-सहा वेळा. थंड भाताला आच लागत जाते आणि सूप तोंड न भाजता खाण्याइतकं निवतं. ज्याला चिडलेला बाप कोमट म्हणाला होता, ते मुद्दाम केलेलं होतं. वर कागदासारखे मांसाचे काप. तळाचा भात दिसत होता इतकं सूप निवळ.

मी-रानने फोन काढला नाही. तीन घोट घेतले. मावशी समोर, हात एप्रनला पुसत.

"कसं आहे?"

तोंडावर "अप्रतिम" आलंच होतं. तिने ते गिळलं.

"मावशी, अळणी आहे."

"म्हणजे काय? जवळा नाही घातलास?"

"कुठला जवळा?"

बोक-नम मावशीने पाण्याच्या फ्रीजशेजारच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे खारवलेल्या जवळ्याची झाकणबंद बरणी होती. "उठायचं आणि आपल्या आवडीने घ्यायचं. सगळ्यांना माहीत असतं."

"मला माहीत नव्हतं."

"अगं, तीस वर्षं..." आणि ती थांबली. तिची नजर तीन नंबरच्या टेबलाकडे गेली, जिथे तो बाप पोरीला घेऊन बसला असणार. "त्यांनापण माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मी आतून ओरडत राहिले, नाही आवडत तर नका खाऊ."

मी-रानने अर्धा चमचा जवळा घातला, ढवळलं आणि प्यायली. सुपाला जाग आली. मांसाचा गोडवा पुढे आला, मागून समुद्राचा किंचित खार. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळ दिसेपर्यंत संपवला, आणि तिच्या लक्षात आलं की कितीतरी महिन्यांत ती नुसती जेवली नव्हती. तिथेच बसून तिने नव्या परीक्षणात भर घातली. पाकिटं बंद झाली, आज सूप निवळ होतं. बरणी फ्रीजशेजारच्या फळीवर आहे, स्वतः उठून घ्या, अर्धा चमचा पुरतो, न घातल्यास पाणी वाटेल, मलाही वाटलं. सूप उकळतं येत नाही, तसंच द्यायचं असतं, लहान मुलांना लगेच भरवता येतं.

ती ते मावशीला वाचून दाखवत होती तेवढ्यात दार सरकलं आणि प्यॉन मास्तर आले. टोपी काढून खिडकीपाशी बसले. बोक-नम मावशीने वाडगा त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी सुपाकडे पाहिलं. उठले, फळीवरून जवळा घेतला, बसले, एक घोट घेतला. मग दुसरा. मग ते थांबलेच नाहीत.

"मास्तर," बोक-नम मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दहा दिवस सूप टाकत होतात. आणि मला सुरेख म्हणत होतात. का?"

मास्तरांचा चमचा हवेत राहिला. कानांपर्यंत लाल झाले बिचारे.

"मला वाटलं, तुमचं वय झालं," ते म्हणाले. "हात चालत नसेल, चव कळत नसेल. माझ्या बायकोचंही शेवटी तसंच झालं होतं. तिला मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला कसं सांगणार? म्हटलं, आपण येत राहावं, म्हणजे दुकान तरी चालेल."

बोक-नम मावशीने खसकन मास्तरांपुढचा वाडगा उचलला, आत गेली, आणि काठोकाठ भरून, वर मांसाचे दुप्पट काप घालून तो त्यांच्यापुढे आदळला.

"मी अजून मेले नाहीये," ती म्हणाली. "पुढच्या वेळी वाईट झालं, तर तोंडावर सांगायचं. खा आता."

मास्तर खाली मान घालून खायला लागले. मी-रानने फोन पिशवीत टाकला आणि दुसरीकडे बघितलं, कारण मावशी एप्रनच्या टोकाने डोळे पुसत होती.